‘दरवाजा उघडला गेला’: एका देवस्थानाच्या निवेदनाचा प्रकरण अभ्यास

अष्टमीच्या रात्री साडेनऊला देवस्थानाच्या सचिवांचा फोन आला. पहिलंच वाक्य होतं, “वकीलसाहेब, एक निवेदन लिहून द्या. किरकोळ आहे, चार ओळी पुरेत.” मागून रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू येत होता.

मी सार्वजनिक न्यासांची कामं करतो. बदल अर्ज, हिशेबपत्रकं, धर्मादाय कार्यालयातल्या तारखा, असला सगळा कोरडा मामला. चेंगराचेंगरीनंतरचं निवेदन लिहायची वेळ माझ्यावर एकदाच आली. ते चार ओळींवरून दीड पानांवर कसं गेलं आणि त्यातलं कुठलं वाक्य का राहिलं, कुठलं का गेलं, ते इथे मांडतो. देवस्थान, गाव आणि माणसं यांची नावं देत नाही. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. घटनेचा सांगाडा मात्र तोच ठेवला आहे.

आधी जागा समजून घ्यायला हवी. देवीचं मंदिर उंच जोत्यावर आहे. दर्शनबारी पूर्वेकडून बॅरिकेडमधून सभामंडपात येते, गाभाऱ्यासमोरून सरकते आणि उत्तरेच्या दाराने बाहेर पडते. या दाराबाहेर शहाबादी फरशीचा ओटा आहे. ओट्यावरून अठरा दगडी पायऱ्या उतरल्या की खालचं अंगण लागतं. हा जिना आठ फूट, म्हणजे साधारण २.४ मीटर रुंद आहे. अंगणाच्या तटबंदीत एक लाकडी दरवाजा आहे. त्याला ‘मानाचा दरवाजा’ म्हणतात. वर्षभर तो बंदच असतो. अष्टमीला रात्री साडेआठच्या सुमारास शेजारच्या गावची पालखी येते तेव्हा तो उघडतात, आणि पालखी याच जिन्याने वर चढते. म्हणजे बाहेर पडणाऱ्यांच्या वाटेनेच पालखी आत जाते. ही रीत जुनी आहे. ती पडली तेव्हा अष्टमीला हजारभर माणूस येत असेल. आता एका रात्रीत त्याच्या कितीतरी पट येतं.

त्या रात्री आठनंतर परतीच्या पावसाची सर आली. बाहेरच्या गल्लीत बारीची वाट पाहत असलेली माणसं तटाच्या आडोशाला सरकली, म्हणजे नेमकी मानाच्या दरवाजासमोर जमली. ८:३६ ला पालखीसाठी दरवाजा उघडला. पालखीबरोबर तीसेक माणसं आत आली आणि त्यांच्या मागून गल्लीतला लोंढा शिरला. “दरवाजा उघडला, इकडून सोडतायत” असं कुणीतरी ओरडलं. ते खोटं नव्हतंच, दरवाजा खरोखर उघडा होता. वरून दर्शन झालेली माणसं उतरत होती, खालून ही चढायला लागली. ओट्याच्या तोंडाशी लाडू-प्रसादाचं टेबल होतं आणि टेबलासमोर रांग. पायऱ्या ओल्या होत्या, त्यावर नारळाचं पाणी. वरून तिसऱ्या पायरीवर एक बाई घसरली, तिच्यावर दोघं पडले, आणि मागच्यांना पुढे काय झालं ते दिसतच नव्हतं.

पाच मिनिटांनी कोंडी सुटली ती दोन माणसांमुळे. गुरवांनी उत्तरेचं दार आतून लोटून घेतलं, त्यामुळे वरून येणारा दाब थांबला. एका सेवेकऱ्याने प्रसादाचं टेबल लाडवांसकट बाजूला उलटलं. बाकीचे सगळे जिन्याच्या मध्यात उभ्या असलेल्यांना “मागे व्हा, मागे व्हा” म्हणून ओरडत होते. त्यांना मागे होणं शक्यच नव्हतं, कारण ढकलणारा मागे असतो आणि ऐकणारा पुढे. शिवाय कर्ण्यावर आरती चालू होती. ती बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

आता निवेदनाकडे. मी पोहोचेपर्यंत एक ‘निवेदन’ आधीच फिरत होतं. नऊ वाजता एका विश्वस्तांनी गावाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलं होतं: “मंदिरात किरकोळ धक्काबुक्की झाली. कोणालाही इजा नाही. अफवांवर विश्वास ठेवू नये.” त्यांचा हेतू वाईट नव्हता. गल्लीत अजून हजारो माणसं होती आणि घबराट पसरू नये असं त्यांना वाटलं. पण त्याच मिनिटाला बेशुद्ध पडलेल्या एका आजींना स्ट्रेचरवरून १०८ च्या गाडीत चढवत होते, आणि तो व्हिडिओ या संदेशाच्या वर-खालीच फिरत होता. पुढच्या दोन दिवसांत पत्रकारांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी अर्धे घटनेबद्दल नव्हते, या तीन वाक्यांबद्दल होते.

म्हणून पहिलं काम ठरलं ते त्या संदेशातली चूक दुरुस्त करण्याचं. तो नुसता पुसून टाकला असता तर लपवल्यासारखं दिसलं असतं. रात्री सव्वाअकराला देवस्थानाच्या नावाने सहा ओळींचं प्राथमिक निवेदन गेलं. त्यात लिहिलं, “रात्री नऊच्या सुमारास आमच्या एका विश्वस्तांनी पाठवलेल्या संदेशात कोणालाही इजा नाही असे म्हटले होते. ते बरोबर नव्हते.” अध्यक्षांना, गावात सगळे त्यांना अण्णा म्हणतात, हे वाक्य फार लागलं. ते म्हणाले, “आपलीच माणसं आपण उघडी पाडायची का?” मी म्हटलं, “अण्णा, नाव घालत नाही. पण चूक झाली ती देवस्थानाच्या नावावर जमा आहे, ती आपणच खोडायला पाहिजे.”

दुसरा प्रश्न आकड्याचा. जखमी किती हे तिघांना विचारलं तर तीन उत्तरं आली. प्रथमोपचार केंद्राच्या वहीत ९ नोंदी होत्या. ग्रामीण रुग्णालयात ६ जण गेले होते. दोघांना घरच्यांनी थेट खासगी दवाखान्यात नेलं होतं. सचिवांनी बेरीज करून १७ लिहिले. पण तीन माणसं आधी प्रथमोपचार केंद्रात येऊन मग रुग्णालयात गेली होती. वय, गाव आणि वेळ जुळवून पाहिल्यावर १४ उरले. कुठल्याही यात्रेत हीच गफलत होते. दोन वह्यांची बेरीज करणारा आकडा फुगवतो, आणि एकच वही पाहणारा तो कमी सांगतो. आम्ही लिहिलं, “रात्री १०:३० पर्यंत १४ जखमींची नोंद आहे.” वेळ घातल्यामुळे दुसऱ्या दिवशी आकडा १५ झाला तेव्हा कुणी आम्हाला खोटं ठरवलं नाही. आणि १४ च्या आधी ‘फक्त’ हा शब्द होता, तो काढला.

पंधरावा माणूस आला तो निवेदनातल्याच एका ओळीमुळे. गर्दीत चेपलेल्या माणसाला बाहेर जखम दिसत नाही. चेंगराचेंगरीत माणूस पायाखाली तुडवला जाऊन मरतो असा समज आहे, पण बऱ्याचदा त्याचा जीव जातो तो छाती आवळली गेल्याने. उभ्या उभ्यासुद्धा. कमी वेळ चेपलेला माणूस त्या क्षणी बरा दिसतो, घरी जातो, आणि रात्रीतून श्वास घेताना दुखायला लागतं. बरगडीला चीर असू शकते. ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टरांनी हे सांगितल्यावर आम्ही प्राथमिक निवेदनातच घातलं की जिन्यावर होता आणि छातीत दुखत असेल, धाप लागत असेल किंवा चक्कर येत असेल तर वाट न पाहता रुग्णालयात या. खर्च देवस्थान करील. सकाळी एक कॉलेजातला मुलगा आला, त्याची बरगडी मोडलेली निघाली. सबंध निवेदनात सर्वांत उपयोगी ओळ कुठली म्हणाल तर ही.

मग शब्दांची भांडणं. ‘चेंगराचेंगरी’ लिहायचं की ‘गर्दीमुळे गोंधळ’? विश्वस्त मंडळात दोन तट पडले. ज्येष्ठ विश्वस्त म्हणाले, चेंगराचेंगरी म्हटलं की लोकांना मांढरदेव आठवतं. खरं होतं. वाई तालुक्यातल्या मांढरदेवच्या काळूबाईच्या यात्रेत २५ जानेवारी २००५ रोजी अडीचशेहून अधिक माणसं गेली. तिथेही नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्यांचा उल्लेख झाला होता. पुढे न्यायमूर्ती राजन कोचर यांच्या आयोगाने चौकशी केली. आपल्या घटनेला तोच शब्द लावणं अतिशयोक्ती नाही का, असा त्यांचा मुद्दा. पण माणसं माणसांवर पडली होती, चेपली होती. त्याला मराठीत दुसरा शब्द नाही. शब्द तोच ठेवायचा आणि व्याप्ती आकड्याने सांगायची, असं ठरलं. ‘किरकोळ’ कुठेही वापरायचं नाही हेही ठरलं. मनगट मोडलेल्या बाईच्या घरी ते वाचलं जाणार होतं. डॉक्टरांनी ‘किरकोळ जखमी’ असं वर्गीकरण केलं असेल तर ते डॉक्टरांच्या तोंडी घालायचं.

पहिल्या मसुद्यात कारणांचा एक परिच्छेद होता. तो मीच लिहिला होता, आणि आज वाचला तर लाज वाटते. “अचानक आलेल्या पावसामुळे, काही भाविकांनी शिस्त न पाळल्यामुळे व अज्ञात व्यक्तीने पसरवलेल्या अफवेमुळे दरवाजा उघडला गेल्यावर गर्दी झाली.” वकिलाने लिहिलेलं वाक्य आहे हे लगेच कळतं. त्यात पाऊस आहे, भाविक आहेत, अज्ञात व्यक्ती आहे. देवस्थान तेवढं कुठेच नाही. दरवाजा स्वतःच ‘उघडला गेला’.

एकेक बघू. नवरात्रात परतीचा पाऊस पडणं आपल्याकडे अचानक म्हणता येत नाही. शिस्तीचं म्हणाल तर पावसात भिजणाऱ्या माणसासमोर मंदिराचा दरवाजा उघडला तर तो आत जाणारच. ८ जानेवारी २०२५ ला तिरुपतीत वैकुंठद्वार दर्शनाच्या टोकनसाठी थांबलेल्या गर्दीचंही असंच झालं. एका आजारी बाईला बाहेर काढायला फाटक उघडलं आणि लोकांना वाटलं की रांग सोडली. सहा जण गेले. फाटक कशासाठी उघडलं हे उघडणाऱ्याला माहीत असतं. बाहेरच्याला फक्त उघडं फाटक दिसतं. त्यामुळे दरवाजा उघडण्याआधी त्याच्या समोरची जागा रिकामी आहे की नाही हे पाहणं हे उघडणाऱ्याचं काम आहे.

अफवेचं जरा वेगळं होतं. “करंट लागला” अशीही आरोळी काहींनी ऐकली होती. ओल्या अंगणात लोखंडी बॅरिकेड आणि हॅलोजनच्या वायरी होत्या, त्यामुळे शंका रास्त होती. २७ जुलै २०२५ ला हरिद्वारच्या मनसादेवीच्या वाटेवरही वीज उतरल्याच्या ओरडीचं कारण सांगितलं गेलं. अशा वेळी ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ लिहून काही होत नाही. त्या रात्रीच परवानाधारक वायरमनकडून बॅरिकेड आणि वायरी तपासून घेतल्या, कुठे गळती नाही याचा लेखी दाखला घेतला, आणि निवेदनात नुसतं तेवढंच लिहिलं. अफवा हा शब्दसुद्धा वापरला नाही.

आता दरवाजा. यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तीन तास गेले. देवस्थानानेच दरवाजा उघडला हे लेखी द्यायचं का? पोलिसांत गुन्हा नोंदला जाण्याची शक्यता होती. हयगयीने इतरांची सुरक्षितता धोक्यात आणल्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ लागू शकतं. पक्षकाराचं लेखी विधान पुढे पुरावा म्हणून त्याच्यावर उलटू शकतं, आणि ही भीती खोटी नाही. माझी सवय तर सांगत होती, काही बोलू नका, ‘चौकशी सुरू आहे’ एवढंच लिहा.

पण सीसीटीव्हीत ८:३६ ला आमचा कर्मचारी कडी काढताना स्पष्ट दिसत होता, आणि चित्रण पोलिसांनी रात्रीच ताब्यात घेतलं होतं. जी गोष्ट दिसते आहे ती न लिहिल्याने संरक्षण काही मिळत नव्हतं. मधली वाट अशी काढली की घडलेली कृती सांगायची आणि तिच्यावरचा निवाडा सांगायचा नाही. ‘दरवाजा देवस्थानाने उघडला’ हे घडलेलं आहे. ‘देवस्थानाच्या हलगर्जीपणामुळे’ हा निष्कर्ष आहे, तो चौकशीचा. आणि कडी काढणाऱ्या कर्मचाऱ्याचा उल्लेख नको. त्याने दरवर्षीप्रमाणे सांगितलेलं काम केलं होतं. त्याला निलंबित केलं अशी ओळ घालायची सूचना एका विश्वस्तांनी केली होती. अण्णांनीच ती फेटाळली.

पालखीचं नाव न घेणंही तितकंच गरजेचं होतं. “पालखी आल्यामुळे” एवढे दोन शब्द छापून आले असते तर दोन गावांत मानावरून वाद पेटला असता. पालखी ठरल्या वेळी, ठरल्या वाटेने आली. वाट ठरवणं देवस्थानाच्या हातात होतं.

राहिलं टेबल. यावर सगळ्यांत जास्त टाळाटाळ झाली, कारण ते ओट्यावर लावायचा निर्णय दोन वर्षांपूर्वी मंडळानेच घेतला होता. बाहेर पडणाऱ्याच्या समोर लाडू आला की खपतो. टेबलाचा खरंच संबंध होता का, हे पाहायला आम्ही चित्रणावरून मोजणी केली. फरशी दोन फूट बाय दोन फूट असल्याने ओटा म्हणजे आयता आलेखाचा कागद झाला होता. जिन्याच्या तोंडाशी पाच बाय सहा, म्हणजे ३० फरश्यांचा तुकडा धरला. तो सुमारे ११ चौरस मीटर भरतो. ८:३८ च्या चित्रात त्यात ६२ डोकी मोजली. म्हणजे चौरस मीटरला साडेपाचांहून थोडी जास्त माणसं. चारपर्यंत माणूस स्वतःच्या मर्जीने पाऊल टाकू शकतो. पाचाच्या पुढे गर्दीच त्याला हलवते, आणि कुठेही अडखळलं की लाट उठते.

मग जिना. ब्रिटनमध्ये क्रीडांगणांसाठी वापरतात ते मानक असं की पायऱ्यांवरून दर मीटर रुंदीमागे मिनिटाला जास्तीत जास्त ६६ माणसं जाऊ शकतात. आपल्या ओल्या दगडी पायऱ्यांवर, नऊवारी नेसलेल्या बायका आणि कडेवरची पोरं धरून ते कमीच भरेल, पण ढोबळ अंदाजाला पुरतं. २.४ मीटरला साधारण १५८ माणसं होतात. टेबल आणि त्याची रांग जाऊन मोकळी राहिली होती दीड मीटर, म्हणजे ९९. चित्रणात मिनिटाला ७० च्या आसपास माणसं उतरत होती. दरवाजा उघडल्यावर ६० च्या आसपास चढायला लागली. दोन्ही मिळून १३०. टेबल नसतं तर जिन्याने ते कसंबसं सोसलं असतं. दरवाजा उघडला नसता तर टेबलासकट सोसलं असतं, आणि गेली दोन वर्षं सोसलं होतंच. म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ही आकडेमोड निवेदनात घातली नाही. पण ती कागदावर दिसल्यावर टेबलाबद्दलची चर्चा दहा मिनिटांत संपली.

उपाययोजनांच्या यादीला मात्र कात्री लावावी लागली. मसुद्यात नेहमीची अकरा कलमं होती. सीसीटीव्ही वाढवणार, स्वयंसेवक वाढवणार, जनजागृती करणार. सीसीटीव्ही पुरेसे होते, त्यांच्यासमोर बसायला त्या वेळी कुणी नव्हतं. ओट्यावर आणखी दहा स्वयंसेवक उभे केले असते तर तेवढीच जागा गेली असती. जो उपाय घडलेल्या कारणाशी जोडता येत नाही तो काढायचा, असं करत अकराची पाच कलमं राहिली, आणि प्रत्येकाला तारीख लावली. दसऱ्याला दोनच दिवस होते. त्या दिवशी पुन्हा तेवढीच गर्दी येणार होती आणि येणाऱ्याला जुन्या इतिहासात रस नव्हता. आपण दसऱ्याला पोराबाळांना घेऊन जावं का, एवढंच त्याला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला हे निवेदन गेलं:

“काल, अष्टमीच्या रात्री ८:३६ ते ८:४१ या वेळेत मंदिराच्या उत्तर जिन्यावर चेंगराचेंगरी झाली. आज दुपारी ३ वाजेपर्यंत १५ जखमींची नोंद आहे. त्यांपैकी तिघांवर ग्रामीण रुग्णालयात उपचार सुरू असून त्यांच्या जिवाला धोका नसल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे. जखमी झालेल्या प्रत्येकाची व त्यांच्या कुटुंबीयांची आम्ही क्षमा मागतो. देवीच्या दारात आलेल्या माणसाला सुखरूप घरी पाठवणे ही आमची जबाबदारी होती.

काल रात्री ८:३६ वाजता देवस्थानाने मानाचा दरवाजा उघडला. त्या वेळी दरवाजाबाहेर पावसामुळे दर्शनार्थी थांबलेले होते. ते आत आल्याने जिन्यावर उतरणारे व चढणारे समोरासमोर आले. ओट्यावर देवस्थानाने लावलेल्या प्रसाद विक्रीच्या टेबलामुळे वाट अरुंद झालेली होती व पायऱ्या ओल्या होत्या. एवढे आम्हाला चित्रणातून दिसले आहे. याचा अर्थ काय व जबाबदारी कोणाची, हे पोलीस व महसूल प्रशासन चौकशीत ठरवतील. चित्रण व सर्व नोंदी आम्ही त्यांना दिल्या आहेत.

बॅरिकेड व विद्युत जोडण्यांची तपासणी काल रात्रीच परवानाधारक तंत्रज्ञाकडून करून घेतली. कोठेही वीजगळती आढळली नाही.

सर्व जखमींच्या उपचारांचा खर्च देवस्थान करील. तसा ठराव आज झाला आहे. जखमींची नावे आम्ही प्रसिद्ध करणार नाही. आपले कोणी काल जिन्यावर होते आणि त्यांना छातीत दुखणे, धाप लागणे किंवा चक्कर येणे असा त्रास होत असेल, तर कृपया ताबडतोब ग्रामीण रुग्णालयात जावे.

आजपासून प्रसाद विक्री ओट्यावर होणार नाही, ती वाहनतळाजवळ होईल. उत्तर जिना केवळ उतरण्यासाठी राहील. नारळ खालच्या अंगणातील वाढवण्याच्या जागीच वाढवले जातील, वर नेता येणार नाहीत. गर्दीच्या वेळी नियंत्रण कक्षात एक जबाबदार व्यक्ती सतत बसेल आणि गाभाऱ्याकडील दार थांबवण्याचा व ध्वनिक्षेपकावरील आरती बंद करून सूचना देण्याचा अधिकार तिला असेल. मानाचा दरवाजा आतील जिना व बाहेरील गल्ली रिकामी झाल्याशिवाय उघडला जाणार नाही. याबाबत मानकऱ्यांशी आज सकाळी बोलणे झाले असून त्यांनी संमती दिली आहे.

गल्लीतील दुकानांचे अतिक्रमण हटवणे आमच्या अधिकारात नाही. त्याबद्दल ग्रामपंचायतीला आज पत्र दिले आहे. दसऱ्यापर्यंत ते होईलच असे आम्ही सांगू शकत नाही. म्हणून दसऱ्याला लहान मुले व वृद्धांना घेऊन येणाऱ्यांनी शक्यतो सकाळी ११ च्या आत यावे.

विश्वस्त मंडळ”

शेवटच्या परिच्छेदावरून सचिव अस्वस्थ होते. “आपल्याला जमणार नाही हे कशाला सांगायचं?” पण गल्ली दसऱ्याला अरुंदच राहणार होती, आणि आम्हाला ते माहीत होतं. सकाळी अकराच्या आधी किती माणसं आली ते मोजलं नाही, तेवढी यंत्रणा नव्हती. दुपारी गल्ली तुंबली तेव्हा बारी वीस मिनिटं थांबवावी लागली. लोक चिडले. अण्णांनी स्वतः कर्ण्यावरून कारण सांगितलं.

निवेदनाचं सगळंच काही जमलं नाही. क्षमेच्या वाक्यावर एका वर्तमानपत्राने ‘देवस्थानाची कबुली’ असा मथळा दिला. चौकशीतही निवेदन वाचून दाखवलं गेलं. त्यातलं एकही विधान चित्रणाविरुद्ध नसल्याने पुढे काही वाढलं नाही, पण वाढलं असतं तर माझा सल्ला चुकला असं म्हणणारे मंडळात होते, आणि त्यांचं म्हणणं मला पटण्यासारखं होतं. मनगट मोडलेल्या बाईंच्या मुलाने फोन करून विचारलं की ‘उपचारांचा खर्च’ यात बुडालेली मजुरी येते का. शब्द निवडताना आमच्या कुणाच्याच डोक्यात ते आलं नव्हतं. पुरवणी ठराव करून सहा आठवड्यांची मजुरी दिली. नारळाची अट चार महिन्यांत ढिली पडली. नवस असलेली माणसं पिशवीतून नारळ वर नेतात आणि गुरव कुणाकुणाला अडवणार? त्यावर अजून तोडगा नाही. लाडवांचा खप घटला.

पुढच्या वर्षीच्या अष्टमीला मी मुद्दाम नियंत्रण कक्षात जाऊन बसलो. पाऊस नव्हता. पालखी वेळेवर आली आणि बाहेर थांबली. हलगी वाजत राहिली, दोघं-तिघं मानकरी कुरकुरले, एकाने दरवाजावर थापही मारली. कक्षात बसलेल्या मुलाने टेबलावरच्या नोंदवहीत लिहिलं:

८:३२. पालखी दरवाजाशी.
८:३४. उत्तरेचं दार थांबवलं. आरती बंद.
८:४१. जिना रिकामा. गल्लीतून दोर लावून माणसं मागे घेतली.
८:४३. दरवाजा उघडला.

त्याखाली, दरवाजा कोणी उघडला या रकान्यात, अण्णांची सही होती.